फुकटचं कधी पुरतं, विकतचं कधी परवडतं

मंडळी, इथे बहुतेक सगळे दिवाळी अंकवाले आहात, म्हणजे बजेट या विषयावर मी बोलायला नको! पोस्ट आधी लावून ठेवणारी आणि आकडे दाखवणारी साधनं विकत कधी घ्यायची, एवढंच सांगायला आलोय. पण आधी माझी जुनी तक्रार ऐका.

एका संपादकांनी गूगल अ‍ॅनालिटिक्स उघडून दाखवलं. अंकाच्या पानावर येणारे निम्म्याहून जास्त वाचक ‘डायरेक्ट’ या रकान्यात. म्हणाले, “बघा, लोक आपला पत्ता स्वतः टाइप करून येतात!” अहो, तो पत्ता त्यांना स्वतःलाही पाठ नव्हता. (तुम्ही हसताय, पण तुमचा सांगा बरं.) हे वाचक व्हॉट्सअ‍ॅपवरून येत होते. तिथली लिंक दाबली की वाचक कुठून आला ते बहुधा कळत नाही, मग अ‍ॅनालिटिक्स त्याला ‘डायरेक्ट’मध्ये टाकतं. यावर उपाय म्हणून ते महागडं साधन घ्यायला निघाले होते. पण लिंकवर खूणच नसेल, तर विकतचं साधन तरी काय ओळखणार? खूण फुकटात लागते:

```
?utm_source=whatsapp&utm_medium=social&utm_campaign=diwali
```

पत्त्यापुढे एवढं जोडायचं. नियम एकच, सगळं लहान लिपीत. एकाने `WhatsApp` लिहिलं आणि दुसऱ्याने `whatsapp`, तर अहवालात दोन वेगळ्या ओळी होतात. आणि आपल्याच साइटच्या आतल्या लिंकांना ही खूण लावू नका, नाहीतर वाचक मुळात कुठून आला याचा हिशेब बिघडतो.

आणखी एक. या अ‍ॅनालिटिक्समध्ये सविस्तर तपशील मुळात दोनच महिने राहतो. सेटिंगमध्ये तो फुकटात चौदा महिने करता येतो, पण गेलेला परत येत नाही. पुढच्या दिवाळीत यंदाच्या आकड्यांशी सविस्तर तुलना करायची असेल तर आज घरी जाऊन बदला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली! मूळ विषय आता पळवतो.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम एवढंच असेल, तर मेटा बिझनेस सूट फुकट आहे आणि पुरतं. समजा, विकतचं साधन महिना १,५०० रुपये आहे आणि पोस्ट टाकणाऱ्याला तासाला १५० रुपये पडतात. म्हणजे त्या साधनाने महिन्याला दहा तास वाचवले पाहिजेत. महिन्याच्या बारा पोस्ट आणखी चार ठिकाणी हाताने टाकायला, प्रत्येकी पाच मिनिटं धरली, तरी चारच तास होतात. नको! तीन अंकांचं काम एकाच माणसाकडे आलं की बारा तास होतात, तेव्हा घ्या. नाहीतर दोघं-तिघं एकाच खात्यावर काम करतात, मजकूर संपादकाने पाहिल्याशिवाय जाऊ नये, असं असेल तेव्हा. तिथे तासांपेक्षा चुकीची जाहिरात छापली जाण्याची भीती मोठी.

वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते, पण आपला हंगाम तीन महिन्यांचा. महिन्याने घ्या, दिवाळीनंतर बंद करा. बंद करण्याआधी आकड्यांची फाइल उतरवून ठेवा, खातं गेल्यावर ती मिळेलच असं नाही.