गोळ्या चालू आहेत, तरी रक्त का वाढत नाही?

(तळहातावर दोन गोळ्या, एक लाल, एक पांढरी.)

नमस्कार. या दोन गोळ्या नीट बघा. लाल आहे ती लोहाची, पांढरी आहे ती कॅल्शियमची. दोन्ही गरोदरपणात लागतातच. पण दोन्ही एकदम तोंडात टाकल्या, की लाल गोळीचा बराचसा उपयोग वाया जातो.

गेल्या वर्षी विडी घरकुलमधून एक बाई माझ्याकडे आली. तिला आपण लक्ष्मी म्हणू. पाचवा महिना चालू होता. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची आणि दोन जिने चढले की धाप लागायची. हिमोग्लोबिन निघालं 8.9. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेलं की आपण रक्तक्षय म्हणतो आणि 7 च्या खाली गेलं की तीव्र. म्हणजे लक्ष्मी मधल्या गटात होती.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्त चांगलं असेल तर चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी पुरते. कमी असेल तर दोन. लक्ष्मीला दोन सुरू केल्या. पोटातल्या जंतांची गोळीही दिली, कारण जंत असले तर रक्त आतल्या आत जात राहतं.

महिन्याभरानं तपासलं तर 9.0. फक्त एक दशांशानं वाढ! गोळ्या नीट चालू असतील तर महिन्यात साधारण एक ग्रॅम तरी वाढायला हवं. तेवढं वाढलं नाही तर काहीतरी चुकतंय हे नक्की. मी विचारलं, "गोळ्या घेतेस ना गं?" ती म्हणाली, "रोज घेते मॅडम, एक पण चुकवत नाही." आणि रिकामी पाकिटं पिशवीतून काढून दाखवली. ती खोटं बोलत नव्हती.

मग मी म्हटलं, कशी घेतेस ते करून दाखव. सकाळी भाकरी खाल्ली, चहाचा कप हातात घेतला, आणि लोह-कॅल्शियम दोन्ही गोळ्या चहाच्या घोटाबरोबर गिळल्या. रात्री जेवल्यावर परत तसंच. विसरायला नको म्हणून सासूबाईंनीच ही वेळ ठरवून दिली होती. त्यांनी काळजीनं केलं होतं, त्यांचा काही दोष नाही. गोळी कधी घ्यायची हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि पहिल्या भेटीत मीसुद्धा ते नीट सांगितलं नव्हतं.

होतं काय, तर चहातलं टॅनिन लोहाला पोटातच बांधून ठेवतं. कॅल्शियमही लोहाला आतड्यातून आत शिरू देत नाही. मग ते लोह तसंच संडासवाटे बाहेर पडतं.

आम्ही कागदावर वेळा लिहिल्या. सकाळी न्याहारीनंतर नऊ वाजता कॅल्शियम. साडेअकराला लोह, लिंबूपाण्याबरोबर, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व लोह आत घ्यायला मदत करतं. दीडला जेवण आणि कॅल्शियमची दुसरी गोळी. रात्री आठला जेवून दहाला झोपताना लोहाची दुसरी गोळी. चहा लोहाच्या आधी-नंतर दोन तास नाही. नियम एवढाच: लोह आणि चहा, लोह आणि कॅल्शियम, लोह आणि दूध, मधे दोन तास.

पुढच्या महिन्यात 10.1. गोळी तीच, डोस तोच, फक्त वेळ बदलली.

वाटेत त्रास झालाच. साडेअकराची गोळी घेतली की मळमळायचं. असं झालं तर गोळी बंद करू नका. काही दिवस जेवणाबरोबर घ्या. थोडं लोह कमी शोषलं जाईल, पण बंद करण्यापेक्षा ते बरं. तरी झेपलं नाही तर डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो किंवा दुसऱ्या प्रकारच्या लोहाची गोळी देता येते. बद्धकोष्ठता झाली तर पाणी वाढवा, पालेभाजी आणि पेरू खा. संडास काळी होईल. बायका घाबरतात, पण ते न शोषलेलं लोह असतं, काळजी नको. मात्र डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी संडास आणि सोबत चक्कर असेल, तर ते रक्त असू शकतं. लगेच दाखवा.

आता खाण्याचं. आपलं सोलापुरी डाळिंब छान आहे, खा. पण लाल रंग म्हणजे लोह नव्हे. डाळिंबात लोह अगदी थोडं असतं, बिटातही फारसं नाही. डाळिंबावर पैसे घालवून गोळी विसरलेल्या बायका मी बघितल्यात, म्हणून जीव तोडून सांगते. त्यापेक्षा मोड आलेली मटकी, हुलगे, चवळी, मेथी आणि अंबाडी खा, जिला कन्नड घरांत पुंडी म्हणतात. अंबाडी लोखंडी कढईत शिजवली तर तिच्या आंबटपणानं कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीतही लोह आहे, पण धान्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही. म्हणून ताटात लिंबू हवंच. मटण-मासे खात असाल तर त्यातलं लोह सगळ्यात लवकर लागू पडतं. तरीसुद्धा रक्त एवढं उतरल्यावर नुसत्या खाण्यानं भरून येत नाही. गोळी लागतेच.

वेळा पाळूनही महिनाभरात वाढ झाली नाही, तर कारण दुसरं असू शकतं: बी12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला रक्तातला दोष. त्यासाठी वेगळ्या रक्ततपासण्या असतात. अशा वेळी लोह वाढवत राहून उपयोग नाही.

आता इंजेक्शन कधी? दुसरी एक बाई अक्कलकोटकडून आठव्या महिन्यात आली. हिमोग्लोबिन 7.5, गरोदरपणाआधीचं वजन 50 किलो. बाळंतपणाला दोनच महिने उरले होते. गोळीनं फार तर साडेनऊपर्यंत गेलं असतं, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नव्हती. तिथं शिरेतून लोह द्यायचं ठरलं. किती द्यायचं ते वजनावरून काढतात. 11 पर्यंत न्यायचं म्हणजे कमतरता साडेतीनची. वजन 50 गुणिले कमतरता 3.5 गुणिले 2.4 हा ठरलेला आकडा म्हणजे 420, आणि शरीरातल्या साठ्यासाठी 500. एकूण 920 मिलिग्रॅम.

आयर्न सुक्रोज हे औषध वापरलं तर एका वेळी 200 मिलिग्रॅम, सलाईनमधून, एक दिवसाआड, म्हणजे पाच वेळा यायचं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर एक-दोन बैठकांत होतं, पण ते महाग असतं. पहिल्या तीन महिन्यांत ही इंजेक्शनं देत नाहीत. ती दवाखान्यातच घ्यायची, आणि नंतर अर्धा तास तिथंच बसायचं, कारण क्वचित ॲलर्जी येते. सलाईन चालू असताना हात चुरचुरला किंवा सुजला तर लगेच सिस्टरला सांगा. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो, तो लवकर जात नाही.

इंजेक्शननंतरही रक्त वाढायला दोन-चार आठवडे लागतात. म्हणून बाळंतपण तोंडावर आलं असताना रक्त सातच्या खाली असेल, तर दवाखान्यात भरती होऊन बाहेरून रक्त चढवावं लागू शकतं, आणि पाचच्या खाली असेल तर कुठल्याही महिन्यात ताबडतोब भरती व्हावं लागतं.

लक्ष्मी 11.2 वर बाळंत झाली. लाल गोळी मात्र तिथं थांबली नाही. बाळंतपणानंतर सहा महिने रोज एक चालू ठेवायची असते. तिच्या सासूबाई आता घड्याळाकडे बघून साडेअकराला हाक मारतात.