ब्लाउज सैल करायचा तर बाहीची माया आधी बघा

(सोलापुरात एका शिवणवर्गातल्या महिलांसमोर झालेलं बोलणं, थोडं आवरून लिहिलेलं)

नमस्कार. विषय काय सांगितलाय तुम्हाला, तर घट्ट झालेला ब्लाउज किंवा कुर्ता सैल कसा करायचा आणि त्याला जादा कापड किती लागतं. कापडाचं मी शेवटी सांगते, आधी माया बोलू, कारण माया नसेल तर कापड घेऊन करणार काय.

दर वर्षी संक्रांतीच्या आधी, गड्ड्याची जत्रा आली की माझ्याकडे पिशव्याच पिशव्या येतात. कपाटातनं साड्या निघतात, ब्लाउज अंगात जात नाही, आणि मग "ताई, काखेत काचायलाय बघा, जरा उसवून द्या की". बाईला वाटतं उसवायचं म्हणजे दोन मिनिटांचं काम. असतंही दोन मिनिटांचं, ज्यानं शिवला त्यानं मनात आणलं असेल तर!

जुने शिंपी काय करायचे सांगते. बाजूच्या शिवणीत आत इंच-दीड इंच माया ठेवायचे आणि तिच्यात एक सोडून तीन शिवणी मारायचे, एकीपासून दुसरी दोन सूत लांब, म्हणजे पाव इंच. इंचाचे आठ सूत, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आता हिशोब बघा. डावी बाजू, उजवी बाजू, आणि प्रत्येक बाजूला पुढचा भाग आणि मागचा भाग, असे चार थर झाले. आतली एक शिवण उसवली की प्रत्येक थरात दोन सूत मोकळे, चार थरांत आठ सूत, म्हणजे अख्खा 1 इंच. घरी बसून ब्लेडनं एक शिवण काढायची आणि ब्लाउज छातीत 1 इंच सैल. पुढच्या बाळंतपणानंतर दुसरी काढायची. शिंप्याकडे यायची गरजच नाही. मला तर हे शिवणकामातलं सगळ्यात शहाणं काम वाटतं, आणि हेच आता बंद होत चाललंय त्याचा मला राग येतो.

का बंद होतंय? ओव्हरलॉकमुळे. मशीन चांगलं आहे, माझ्याकडेही आहे, कडा सुटत नाहीत. पण त्याला सुरी असते, ती शिवता शिवता कड कापत जाते. लावणाऱ्यानं शिवणीच्या अगदी जवळून चालवलं की माया तीन सुतावर आली. आतनं एकदम सुबक दिसतं, गिऱ्हाईक खूष. रेडीमेड कुर्त्याला बहुतेक असंच असतं. मागे माझ्या बहिणीनं एक नवा ब्लाउज एका ठिकाणी फिटिंग करायला दिला, नाव घेत नाही. त्यांनी बाजूनं दाबला आणि दाबून उरलेलं कापड कापूनच टाकलं, दोन्हीकडचं! का कापलं विचारलं तर म्हणाले, जाड लागलं असतं. अहो जाड लागलं असतं तर इस्त्री मारायची, उघडून दाबायची! कापलेलं कापड परत कुठून आणायचं? फिटिंगला देताना तोंडानं सांगा, "माया कापू नका", हे तीन शब्द मी प्रत्येक बाईला सांगते आणि आज तुम्हालाही सांगते.

बरं. आता एक ब्लाउज दाखवते, आमच्या गल्लीतल्या काकूंचा आहे, त्यांना विचारून आणलाय. सिल्कचा, अस्तर लावलेला, भाच्याच्या लग्नात घालायचा होता. मी पहिल्यांदा काय केलं, तर काकूंना घालायला लावला आणि सुरकुत्या बघितल्या. हुकांपासून काखेकडे आडव्या ताणलेल्या रेषा असतील आणि हुकांमध्ये फट पडत असेल तर छातीत घट्ट. दंडावर गोल वळ उठत असेल तर बाही घट्ट. पण हात पुढे केल्यावर पाठीत दोन खांद्यांच्या मधे ओढत असेल तर तिथे बाजूची शिवण उसवून काही होत नाही, ती पाठच अरुंद कापलेली असते, त्या बाईला मी सरळ सांगते की पैसे घालवू नका. काकूंच्या रेषा आडव्या होत्या, म्हणजे काम होण्यासारखं.

मग मापं. ब्लाउज हुक लावून टेबलावर सपाट ठेवला, काखेपासून काखेपर्यंत सव्वाअठरा इंच, दुप्पट केले साडेछत्तीस. काकूंची छाती 38. ब्लाउज अंगाबरोबर बसवायचा तरी वर 1 इंच पाहिजे, श्वास घ्यायचाय, जेवायचंय. म्हणजे 39 पाहिजे, कमी पडतात अडीच इंच. अडीच इंच म्हणजे वीस सूत, भागिले चार, प्रत्येक थराला पाच सूत.

ब्लाउज उलटा केला. बाजूला माया 1 इंच, आठ सूत. सगळी वापरता येत नाही हं. सुती कापडाला शिवणीच्या पुढे दोन सूत तरी शिल्लक ठेवा, सिल्कला तीन. सिल्कचे धागे गुळगुळीत, कडेच्या जवळ शिवण मारली की ताण आल्यावर धागे शिवणीपासून सरकतात आणि शिवणीशेजारी जाळी दिसायला लागते. दोरा तुटलेला नसतो, कापडच उसवतं, त्याला मग इलाज नाही. इथे आठातले पाच घेतले, तीन राहिले. जमलं. अस्तराचीही माया बघितली, कारण पुष्कळदा वरच्या कापडाला इंच ठेवतात आणि अस्तर अर्ध्या इंचावर कापतात. नशिबानं अस्तरही पुरलं.

आणि मग बाही. इथेच सगळं अडतं, म्हणून मी नेहमी बाही आधी बघा म्हणते. बाजूची शिवण काखेत पाच-पाच सूत बाहेर नेली की मुंढा दहा सुतांनी मोठा झाला. मग त्याला जोडायची बाही पण दहा सुतांनी रुंद व्हायला पाहिजे, नाहीतर मुंढ्याचं कापड काखेत गोळा होतं, चुण्या पडतात. काकूंच्या बाहीत माया अर्धाच इंच, त्यातले वापरायला दोन सूत, दोन कडांचे मिळून चार. पाहिजेत दहा, कमी सहा! आता अशी बाही का कापतात, तर साडीतला ब्लाउजपीस बहुतेक वेळा 80 सेंटीमीटर असतो, त्यात छाती मोठी, बाही कोपरापर्यंत, वर कटोरी पाहिजे, मग कापणारा पहिला हात बाहीच्या मायेवर मारतो.

यावर उपाय म्हणजे कळी. आपल्या आजोबांच्या पैरणीला काखेत चौकोनी चौबगळा असायचा ना, त्याचीच ही धाकटी बहीण. दंडात बाही ठीक होती, म्हणून कळी काखेत सहा सूत रुंद आणि बाहीच्या तोंडाशी शून्य, अशी तिकोनी. दोन्हीकडे शिवणीला दोन-दोन सूत धरून कापताना वर दहा सूत, म्हणजे सव्वा इंच. सिल्कला तीन सूत म्हटलं आणि इथे दोन कसे, असं कुणीतरी विचारणारच. कळीच्या कडा अस्तरावर टाचून घेतल्या आणि मग शिवल्या, म्हणजे ताण अस्तरावर जातो. कापड आणलं ब्लाउजच्या खालच्या दुमडीतून. मागच्या बाजूला खाली दीड इंच आत दुमडलेलं होतं, ते कापून घेतलं आणि तिथे अस्तराची पट्टी लावली. हे कापड त्याच थानातलं, दिसतं तेही हात वर केला तरच.

शिवायचा क्रम नीट ऐका. आधी खालची दुमड उसवायची, मग काखेत मुंढ्याची शिवण दोन्ही बाजूला दोन-दोन इंच. मग खडूनं नवी रेघ, आणि जुनी शिवण तशीच ठेवून नवी शिवण मायेत मारायची. जुनी आधी उसवलीत तर सिल्कचे दोन थर घसरतात आणि खाली एक बाजू लांब येते. नवी झाली की मग जुनी काढायची, कळी बसवायची, मुंढा जोडायचा. आणि हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट, जुन्या शिवणीचे दोन-तीन टाके काखेत काढून उजेडात धरून बघा. सुती कापडाची सुईची भोकं पाणी मारून इस्त्री केली की मिटतात. सिल्क, सॅटिन, ब्रोकेडची मिटत नाहीत, आणि आतल्या कापडाचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद निघू शकतो, म्हणजे जुन्या शिवणीजागी पट्टा दिसणार. काकूंना तो दाखवला, त्या म्हणाल्या साडीचा पदर येतोय वर, चालतंय. गिऱ्हाइकाला हे आधी दाखवायचं, नंतर भांडण नको.

संयोजक ताई घड्याळ दाखवायला लागल्यात, आणि कापडाचं राहिलंच. भराभर सांगते, लिहून घ्या.

मायेतनं नुसतं उसवून अडीच-तीन इंचांच्या पुढे जाऊ नका, माया असली तरी. मुंढा फार रुंद होतो आणि टक्स जागेवरच राहतात, छाती पुढे बसतच नाही. त्याच्या पुढे पट्टी घालायची. पट्टी एकच सलग, बाहीच्या तोंडापासून काखेतून खाली कमरेपर्यंत. प्रत्येक बाजूला 2 इंच वाढवायचे तर पट्टी 3 इंच रुंद कापायची, अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. ब्लाउजला लांबी साधारण 18 इंच, दोन पट्ट्या, म्हणजे 6 इंच गुणिले 18. आडव्या पन्ह्यात 6 इंच म्हणजे 15 सेंटीमीटर कापड पुरतं. म्हणून चाटी गल्लीत सुटं कापड घेताना 80 ऐवजी 1 मीटर घ्या, वरचं 20 सेंटीमीटर शिंप्याला सांगून परत मागून घ्या.

कुर्त्याला तसंच, फक्त पट्टी बाहीपासून साइड कटच्या तोंडापर्यंत, पाऊण बाहीला 28 इंचांच्या आसपास. पाव मीटर जादा घेतलं की धुतल्यावर आटून सुद्धा पुरतं. रेडीमेड कुर्त्यात अर्धा इंच माया असेल तर मिळणार चार थरांचे मिळून 1 इंच, त्यापेक्षा जास्त मागू नका. कट जिथे सुरू होतो तिथे दोन इंच उसवून कट पुन्हा दुमडून घ्यायचा, नाहीतर नवी शिवण आणि जुना कट यांच्यात पायरी दिसते. आणि फक्त नितंबावर घट्ट असेल तर बाजू उसवूच नका, कट दीड-दोन इंच वर न्या, झालं.

उरलेला तुकडा कपाटात ठेवू नका. कुर्त्याच्या खालच्या दुमडीत आतनं चार टाके घालून लावून ठेवा, म्हणजे कुर्त्याबरोबर तोही धुतला जातो आणि रंग बरोबरीनं उतरतो. कोऱ्या तुकड्याची पट्टी जुन्या कुर्त्याला लावली की लांबून कळते.

ज्यांनी ब्लाउज आणलेत त्यांनी उलटे करून या टेबलावर ठेवा, बाहीची माया वर दिसेल असे.