येळवशीची यादी आणि समीक्षकाचा गंभीर चेहरा

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे विडंबन. कवितेच्या विडंबनाबद्दल आपण बरंच ऐकतो. पण गद्याचं, त्यातही गंभीर समीक्षेच्या भाषेचं विडंबन कसं घडतं, त्यात हसू नेमकं कुठून येतं, हे आज एकाच निबंधाच्या आधारे पाहू. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात एका विद्यार्थ्यानं तो लिहिला होता. शीर्षक होतं : ‘येळवशीचा बाजार : एक आकलन’.

लातूर-धाराशिवकडच्या श्रोत्यांना येळवस सांगायला नको. वेळ अमावस्येला शेतात पूजा, भज्जी, आंबील, आणि आदल्या दिवशी बाजार. या विद्यार्थ्याच्या आईनं किराणा दुकानात द्यायला एक यादी लिहिली होती. बेसन एक किलो. चिंच जुनी पाव. शेंगदाणे अर्धा. खोबरं, वाट्या दोन. मग ‘करडईचं तेल एक लिटर’ असं लिहून ‘करडईचं’ खोडलेलं आणि वर ‘सोयाबीनचं’ लिहिलेलं. गूळ अर्धा. शेवटी एक ओळ : मागची बाकी 340.

पोरानं ही यादी कविता मानली, आईला कवयित्री केलं, आणि तिच्यावर समीक्षा लिहिली. पहिलंच वाक्य ऐका :

“‘बेसन एक किलो’ या आरंभीच्या ओळीतच कवयित्रीच्या अनुभवविश्वाची व्यामिश्रता अधोरेखित होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.”

हसू आलं ना? का आलं ते बघू. वरवर वाटतं की बेसनामुळे आलं. थोर कवितेच्या जागी बेसन, म्हणून गंमत. पण बेसन हा शब्द एकटा घेतला तर त्यात विनोदी काहीच नाही. या वाक्यातलं बेसन काढा आणि तिथं एखाद्या खऱ्या कवितेची ओळ ठेवा. वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. कोणत्याही वाङ्मयीन नियतकालिकात छापून येईल, कुणाला शंकाही येणार नाही. माझ्या मते विडंबन साधलंय की नाही हे पाहायची सगळ्यात भरवशाची परीक्षा हीच. फक्त वस्तू बदलायची आणि बाकी साचा तपासायचा. साचा अस्सल निघाला तर विडंबन शैलीचं आहे. साचा ढिला निघाला तर लेखक नुसता बेसनाच्या जिवावर हसवतोय.

आता त्या साच्यात काय काय आहे? ‘अनुभवविश्व’, ‘व्यामिश्रता’ हे जड शब्द चटकन कानात भरतात आणि नवखा विडंबनकार तेवढेच उचलतो. या पोराचा कान त्याहून तयार होता. त्यानं क्रियापदं पकडली. मराठी समीक्षेत कवी काही करत नाही, सगळं आपोआप घडतं. व्यामिश्रता अधोरेखित होते, ताण सूचित होतो, एकाकीपण प्रत्ययास येतं. करणारा माणूस वाक्यातून गायब, आणि समीक्षक तर आधीपासूनच गायब. ‘मला वाटतं’ असं तो कधी म्हणत नाही. त्याऐवजी ‘असे म्हटल्यास वावगे ठरू नये’. म्हणजे म्हणायचंही आहे आणि कुणी जाब विचारला तर निसटायचंही आहे. हा भित्रेपणा पोरानं बरोबर ओळखला. बेसन एक किलो लागणार, यात वावगं ठरण्यासारखं आहे तरी काय? जिथं कुणीच हरकत घेणार नाही, तिथं आधीच केलेला बचाव, आणि पहिल्या वाक्याचा खरा विनोद तो आहे.

दुसरं वाक्य याहून सरस आहे :

“‘चिंच जुनी’ या शब्दयोजनेतून परंपरेशी असलेले कवयित्रीचे तणावपूर्ण नाते सूचित होते; चिंचेआधी न येता नंतर आलेले हे विशेषण आशयाला वेगळेच परिमाण देते.”

यात एक बारकावा आहे. विशेषण नंतर आलंय हे खरंच आहे. दुकानाच्या यादीत आपण आधी जिन्नस लिहितो, मग त्याचा प्रकार, मग वजन. दुकानदाराला तसंच सोपं पडतं. समीक्षकानं निरीक्षण अचूक केलं आणि निष्कर्ष मात्र भलतीकडे नेला. चांगल्या विडंबनातला विद्वान मूर्ख नसतो. त्याला सगळं दिसतं. फक्त जे दिसलं त्याचं साधं कारण त्याला पुरत नाही. जुनी चिंच काळी पडते, भज्जीला चांगली आंबट लागते, एवढं उत्तर त्याच्या अभ्यासाला शोभत नाही.

आता निबंधात जिथं बिघडलंय ते सांगतो, कारण त्यातूनही बरंच कळतं. तिसऱ्या परिच्छेदात लेखकाला धीर धरवला नाही. शेंगदाण्यांवर दोन ओळी लिहून तो मधेच म्हणतो, “आता यात कसली आलीय कविता, देव जाणे!” झालं, मुखवटा गळला. आतापर्यंत बोलत होता तो समीक्षक, आणि अचानक त्याच्या मागून विद्यार्थी डोकावून आपल्याला डोळा मारतो. आपण हसायचं ते स्वतः शोधून हसावं, ही विडंबनाची अट असते. लेखकानंच सांगितलं की इथं हसा, तर श्रोता हसायचा राहतो. सोंगाड्यानं सोंगात असताना हसू नये, हे तमाशाच्या फडावर कुणाला शिकवावं लागत नाही. कागदावर मात्र विसरायला होतं.

त्याच परिच्छेदात दुसरी चूक आहे. तिथं त्यानं खोबऱ्याच्या वाट्यांना ‘पृथगात्म, प्रत्ययकारी, बहुस्तरीय आणि अस्तित्वलक्ष्यी’ अशी चार विशेषणं एका ओळीत लावली. खरा समीक्षक एका वाक्यात दोनावर थांबतो. विडंबनात अतिशयोक्ती हवीच, पण मूळ लेखक आणखी थोडा थकला किंवा आणखी थोडा फुगला तर स्वतःच लिहील, इतपतच. त्यापलीकडे गेलात की वाचक मूळ शैली विसरतो आणि समोर नुसता शब्दांचा ढीग उरतो. हे ओळखायचं कसं? मोठ्यानं वाचायचं. समीक्षेच्या वाक्याला एक ठराविक चाल असते. लांबत जातं, मधे अर्धविराम घेतं आणि ‘होते’, ‘ठरते’, ‘जाणवते’ यावर बसतं. वाचताना ती चाल मोडली की समजायचं, लेखकाचा कान सुटला.

पण पुढच्याच परिच्छेदात त्यानं जे केलंय, त्यासाठी मी आज हा निबंध निवडला. तेलाची ओळ. ‘करडईचं’ खोडलंय, वर ‘सोयाबीनचं’ आहे. समीक्षक लिहितो :

“येथे कवयित्री एक शब्द खोडते, तथापि खोडलेला शब्द वाचता येतो. उपस्थिती आणि अनुपस्थिती यांच्या सीमारेषेवरील हा शब्द अर्थाची अनिश्चितता अधोरेखित करतो.”

मराठवाड्यातल्या श्रोत्यांना यात अनिश्चित काहीच वाटणार नाही. एकेकाळी आपल्याकडे करडईच्या तेलाचाच स्वयंपाक होता. रब्बीत ज्वारीच्या कडेनं करडई असायची, गावात घाणा असायचा. पुढं शिवारात सोयाबीन आलं, लातूरची बाजारपेठ सोयाबीनची झाली, करडईचा पेरा आटत गेला आणि तिचं तेल महागाचं झालं. सणाच्या स्वयंपाकाला करडईचंच तेल घ्यावं असं त्या माउलीच्या मनात आलं, तिनं लिहिलं, मग खालची बाकी आठवली आणि तिनं खोडलं. सगळा अर्थ त्या एका रेघेत आहे. आणि तेवढाच नेमका समीक्षकाला दिसत नाही. खाडाखोड दिसते, खोडलेला शब्द दिसतो, उपस्थिती-अनुपस्थिती सगळं दिसतं. 340 रुपये दिसत नाहीत.

पोरानं इथं एकही शब्द स्वतःचा घातलेला नाही. तिसऱ्या परिच्छेदासारखं मधे येऊन सांगितलं नाही की बघा, हा किती आंधळा आहे. समीक्षकाच्या तोंडूनच त्याला उघडं पाडलं. बाकीची यादी हसवते आणि ही ओळ हसवता हसवता आरोप ठेवते : ही भाषा मजकुराविषयी सगळं बोलू शकते, फक्त मजकूर कुणी आणि का लिहिला ते सोडून. आरोप थोडा अन्यायाचाही आहे, कारण ‘व्यामिश्र’सारखे शब्द कुणी हौसेनं घडवले नाहीत, अवघड कवितेबद्दल नेमकं बोलायची गरज होती म्हणून ते आले. विडंबन ही बाजू मांडत नाही. ते वकिली करतं, न्यायनिवाडा करत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. विडंबन मूळ शैलीच्या आधारानं जगतं. आचार्य अत्रे ‘केशवकुमार’ या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहीत होते तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवितेची ढब वाचकांच्या कानात ताजी होती. आज वर्गात ती विडंबनं वाचली की मुलं हसतात, पण शब्दांच्या कसरतीला हसतात. नक्कल कुणाची चाललीय हे सांगावं लागतं, आणि सांगून झाल्यावर हसू अर्धं झालेलं असतं. ‘येळवशीचा बाजार’चंही तेच होणार. समीक्षेची ही भाषा मागं पडली की त्यातली तेलाची ओळ तेवढी उरेल.

इथं आपल्याच पैठणची आठवण काढायला हवी. एकनाथांनी सरकारी दफ्तराच्या भाषेत भारुडं लिहिली. ‘अर्जदस्त’ हे त्यातलं प्रसिद्ध. वरिष्ठाला पाठवायच्या अर्जाचा सगळा फारसी थाट त्यात आहे, सलाम आहे, परगणा आहे. पण परगण्याचं नाव शरीराबाद, आणि तिथं माजलेली मंडळी म्हणजे दंभाजी शेटे, कामाजी महाजन. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. त्यामुळे दफ्तराचा हा मसुदा त्यांना तोंडपाठ असणार. साचा तोच ठेवून आतली वस्तू बदलायची, ही युक्ती आपल्या विद्यार्थ्याचीच. फरक आहे तो हसू कुणावर पडतं याचा. एकनाथांना दफ्तराची थट्टा करायची नाही. साचा फक्त वापरायला घेतलाय, आणि हसू पडतं ते आपल्यातल्या दंभावर. विद्यार्थ्याच्या निबंधात बेसनावर किंवा आईवर हसू पडत नाही, ते साच्यावरच पडतं. म्हणून ‘अर्जदस्त’ला मी विडंबन म्हणताना अडखळतो आणि ‘येळवशीचा बाजार’ला बेलाशक म्हणतो. कुठलाही असा मजकूर हाती आला की आधी एवढंच विचारावं : हसू उसन्या घेतलेल्या भाषेवर पडतंय की दुसऱ्याच कुणावर?

निबंधाच्या तळाशी, लेख संपल्यावर, कंसात एक ओळ होती. लेखकाचा परिचय म्हणून नियतकालिकं छापतात तशी. “प्रस्तुत समीक्षकाचा ‘यादीचे सौंदर्यशास्त्र : खंड पहिला’ हा ग्रंथ प्रकाशनाच्या मार्गावर असून, दुसऱ्या खंडात ते उधारीच्या वहीचा परामर्श घेणार आहेत.” त्या वहीत पुन्हा 340 आहेतच.

नमस्कार.