स्वप्न सांगून झालं, आता भांडण सांगा

(कथालेखन शिबिरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी विषय छान दिलाय, ‘एका स्वप्नातून कथा’. पंचेचाळीस मिनिटं दिलीत, त्यातली दहा सत्कारात गेली. नारळ इथेच ठेवतो, बोलताना हातात असला की मी तो आपटतो.

तर आधी माझी तक्रार ऐकून घ्या. मी बरीच वर्षं दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचतो. जून-जुलैत गठ्ठे यायला लागतात आणि त्यांत एक जात ठरलेली असते. धुक्यातला वाडा. वाड्यात जिना. जिन्यावर पांढऱ्या साडीतली बाई, तिचं तोंड दिसत नाही. निवेदक जिना चढतो. आणखी जिना चढतो. वर एक दार, दारामागे आणखी एक दार. पाच पानं हा गृहस्थ दारं उघडतोय, आणि शेवटची ओळ तुम्हाला पाठच असेल... (प्रेक्षकांतून : ‘आणि त्याला जाग आली!’) बघा! त्याला जाग आली तोवर मी झोपलेलो असतो.

मी अशा एका लेखकाला फोन केला. म्हटलं, बाई चांगली आहे हो, पण तिला हवंय काय? तर म्हणाला, ‘सर, ते गूढ आहे.’ गूढ वगैरे काही नव्हतं. त्यालाच माहीत नव्हतं. त्याच्यापाशी चित्र होतं आणि चित्र फिकं पडतंय असं वाटलं की तो त्याला आणखी एक चित्र जोडत होता. दारामागे दार. ही खूण लक्षात ठेवा. तुमच्या वहीत दृश्यं वाढत चाललीत आणि माणसं काहीच मागत नाहीत, म्हणजे कथा जागची हललेली नाही.

आता ज्या बाईंनी हे नीट करून दाखवलं त्यांच्याकडे येतो. मेरी शेली, ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरी लिहिणाऱ्या. साल 1816, वय अठरा. जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरनने बंगला भाड्याने घेतलाय. मेरी आणि तिचा जोडीदार, कवी पर्सी शेली, जवळच राहतात आणि रोज तिथे जातात. बायरनचा डॉक्टर पोलिदोरी आहे. उन्हाळा, पण पाऊस थांबेना. आदल्या वर्षी इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याची राख वातावरणात पसरून युरोपचा उन्हाळाच बिघडला होता. घरात कोंडलेली मंडळी भुताच्या गोष्टी वाचतात, आणि बायरन म्हणतो, प्रत्येकाने एक लिहायची.

मेरीला काही सुचेना. रोज सकाळी विचारणा, सुचली का गोष्ट? आणि रोज नाही म्हणायचं, तेही बायरन आणि शेलीसमोर. आमच्या संपादकांचे फोन यापुढे काहीच नाहीत. एका रात्री जीव म्हणजे काय, मेलेल्या देहात तो पुन्हा आणता येईल का, विजेने काही होईल का, अशा गप्पा रंगल्या. मेरी ऐकत होती. अंथरुणावर पडली आणि तिला ते दिसलं. झोप लागली नव्हती, आणि आपण विचार करत होतो असंही म्हणता येणार नाही, असं तिनेच 1831च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय. तेव्हा तुमच्यापैकी ज्यांना स्वप्नं लक्षात राहत नाहीत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, डोळा लागण्याच्या सीमेवरचंही चालतं.

दिसलं ते इतकंच. एक फिकुटलेला विद्यार्थी, स्वतः जुळवलेल्या देहाशेजारी गुडघे टेकून बसलाय. देह हलतो. विद्यार्थी घाबरून पळतो. हे आपोआप विझून जाईल अशी आशा धरून झोपतो. डोळे उघडतो, तर ते बिछान्याशी उभं आहे. पडदा बाजूला सारून पिवळट, पाणावलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघतंय.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, गोष्ट सुचली. पण मी संपादक म्हणून तिथे असतो तर म्हणालो असतो, बाई, अजून नाही सुचली. घाबरवायला हे उत्तम आहे. ती स्वतः घाबरली, वाचकही घाबरेल, आणि चार-सहा पानांत संपेल. तिच्याही मनात आधी छोटीच गोष्ट होती, वाढव म्हणून पर्सीने आग्रह धरला.

वाढवायची म्हणजे काय? आपला मघाचा गृहस्थ असता तर आणखी एक देह हलवला असता. मेरीने काय केलं, तर त्या बघणाऱ्याला बोलायला शिकवलं. चित्रात तो फक्त बघतो. कादंबरीतही त्या रात्री त्याच्या तोंडून अर्धवट आवाज निघतात, तो हात पुढे करतो आणि विद्यार्थी, म्हणजे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन, पळ काढतो. मग हा प्राणी जंगलातल्या एका घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो, फटीतून आतल्या कुटुंबाकडे बघत भाषा शिकतो, वाचायला शिकतो. आणि पुढे हिमनदीवर आपल्या कर्त्याला गाठून मागणी करतो. मला कुणी जवळ करत नाही. माझ्यासारखी एक जोडीदारीण घडवून दे, मग आम्ही दोघं माणसांपासून लांब निघून जाऊ. नाही दिलीस, तर तुझ्या माणसांना जगू देणार नाही.

इथे कथा सुरू झाली. यात मागणी आहे, आणि मागणी रास्त आहे. बनवलंस तूच, टाकलंस तूच. व्हिक्टर आधी हो म्हणतो, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर जाऊन काम सुरू करतो, आणि मग विचारात पडतो. या दोघांची प्रजा झाली तर? ती याच्यापेक्षा क्रूर निघाली तर? प्राणी खिडकीतून बघत असतानाच तो अर्धवट देह फाडून टाकतो. त्याचा नकारही रास्त आहे. किंमत मात्र दोन्हीकडे आहे. दिलं तर जगावर संकट, नाही दिलं तर स्वतःचं घर बुडणार. तसं ते बुडतं, लग्नाच्या रात्रीच बायको मारली जाते.

स्टीव्हन्सनचंही असंच. ‘जेकिल आणि हाइड’ ही औषध घेऊन दुसराच माणूस होणाऱ्या डॉक्टरची त्याची कथा. तिच्यातलं स्वप्नात किती आलं, ते त्याने लिहून ठेवलंय. खिडकीचा प्रसंग, आणि पाठलाग होणारा हाइड पूड घेऊन लोकांदेखत बदलतो तो. बाकी बरंचसं जागेपणी रचलेलं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे क्षार. जेकिलच्या औषधातला क्षार संपत येतो, नवा मागवला तर गुण येत नाही, कारण पहिला भेसळीचा होता आणि गुण त्या भेसळीतच होता. आता माणसाला मुदत लागली. औषध कधी संपणार... (व्यासपीठावरून चिठ्ठी येते.) हो, दहा मिनिटं. बघा, मुदत म्हणजे काय ते कार्यवाहच दाखवतायत. (हशा)

आता जे सांगायला बोलावलं होतं ते पटपट. सकाळी चिठ्ठ्या मागवल्या होत्या, त्यातली एक घेतो. ‘रिकाम्या एसटी स्टँडवर एक म्हातारी बसली आहे. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं बाळ. जवळ जाऊन पाहिलं तर तो वरवंटा.’ वा. यात भुताटकी आणायचा मोह होईल, तो आवरा. वरवंटा बाळासारखा केव्हा गुंडाळतात? इथल्या बायकांना सांगायला नको. बारशाला. कित्येक घरांत त्याला टोपडं घालून बाळाच्या आधी पाळण्यात ठेवतात, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत वरून-खालून देतात, आणि मग आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. म्हणजे म्हातारी बारशाला निघाली आहे, आणि घरचा वरवंटा घेऊन निघाली आहे. पण बारशाच्या घरी वरवंटा असतोच की. म्हणजे तिला बोलावलेलं नाही.

का नाही? पहिलं उत्तर घेऊ नका. सून दुष्ट, हे पहिलं उत्तर. मी असं धरतो, की मुलगा सुनेच्या बाळंतपणाआधीच गेला. सून माहेरी आहे. तिच्या दुसऱ्या लग्नाचं जमतंय, पुढची मंडळी बाळासकट तिला घ्यायला तयार आहेत, बाळाला आपलं नाव लावणार आहेत. म्हातारीला हवंय की बाळाला तिच्या मुलाचं नाव ठेवावं. कारण आपल्याकडे बापाचं नाव मधे लागतं, आणि ते मधलं नाव तर आता जाणारच. निदान पहिलं राहू दे. सुनेला ते नकोय. रोज हाक मारताना मेलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं, तेही दुसऱ्याच्या घरात? दोघींचं बरोबर आहे. तुम्हाला एकीची बाजू पटकन घेता आली तर समजा की दुसरीचं म्हणणं तुम्ही अजून ऐकलेलं नाही.

आता माझी फोनची चाचणी. हे भांडण एका फोनने मिटेल का? मिटत असेल तर कथा कच्ची. इथे नाही मिटत. कानात एकच नाव सांगता येतं आणि दुपारी पाळणा हलणार आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चिठ्ठीत जी व्यक्तीच नाही ती बघा. आत्या. म्हातारीची मुलगी, तिला मात्र आमंत्रण आहे. भावजयीने विश्वासाने बोलावलंय, नाव कळवलंय. आणि आई वरवंटा घेऊन स्टँडवर तिची वाट बघते आहे. कानात कोणतं नाव सांगायचं, हे तिच्या हातात. आईचं सांगितलं तर भावाचं मूल पुन्हा दिसायचं नाही, कारण ते घर तिला दार उघडणार नाही. भावजयीचं सांगितलं तर भाऊ दुसऱ्यांदा गेला असं आई धरणार, आणि परतीच्या एसटीत शेजारी बसून. म्हणून नायिका ती, म्हातारी नाही. चित्रात जो दिसतो त्यालाच नायक करायची सक्ती नसते. निर्णय ज्याला टाळता येत नाही त्याला करा. ओळीत सांगायचं तर : मृत भावाच्या बाळाच्या बारशाला निघालेल्या आत्याला दुपारपर्यंत ठरवायचंय की आईसाठी भावाचं नाव राखायचं, की भावजयीचा संसार उभा राहू द्यायचा. ज्यांची चिठ्ठी होती त्यांनी खुशाल घ्यावं, माझा हक्क नाही. उलटंही होऊ शकतं, सुनेला नायिका करून पाहा, वेगळी कथा निघेल.

(दुसरी चिठ्ठी.) संपवतोच. एक जण मघाशी जिन्यात विचारत होते, की मग सुरुवात त्या स्टँडवरच करायची ना? करू नका. मेरीने पहिल्या दिवशी ‘नोव्हेंबरातली ती एक उदास रात्र होती’ हे वाक्य लिहिलं, कारण दिसलं होतं तेवढंच. पण 1818 साली पुस्तक छापून आलं त्यात ते वाक्य पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणाच्या तोंडाशी आहे. त्याच्या आधी तिने त्या माणसाचं घर, बालपण, शिक्षण, सगळं मागे जाऊन बांधलं. लिहायला चित्रापासून बसावं, वाचकाला तिथे केव्हा न्यायचं ते नंतर ठरवावं. आपल्या कथेत आत्या आधी घरात दिसू दे, भावजयीचा फोन येऊ दे, आईपासून तो लपवताना दिसू दे. मग ती स्टँडवर येईल तेव्हा आईच्या मांडीवरचं फडकं पाहून वाचकाच्या आधी तिला कळेल की आईला सगळं ठाऊक आहे. चहा झालाय म्हणतात, उठू या.