भिंतीवरच्या पट्ट्यांपासून कामांच्या यादीपर्यंत

नमस्कार. नियोजनाचं काम करणाऱ्या प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येतोच. मूळ फाइल सापडत नाही, ती बनवणारा माणूस दुसरीकडे निघून गेलाय आणि हातात उरलाय फक्त एक फोटो, भिंतीवर चिकटवलेल्या गॅन्ट चार्टचा. तो फोनवर तिरका काढलेला असतो, एका कोपऱ्यात दिव्याची चमक असते. आणि सोमवारपर्यंत कामांची यादी हवी असते: काम कधी सुरू होणार, किती दिवस चालणार, कशावर अवलंबून आहे.

आज मी एकच चार्ट घेऊन बोलणार आहे. मोठ्या खोलीच्या दुरुस्तीचं काम आहे आणि आठच ओळी आहेत. जुनी फरशी काढायची, मग वायरिंग आणि प्लंबिंग, त्यावर कोबा, कोबा सुकू द्यायचा, नवी फरशी, रंग आणि शेवटी ताबा. सोमवार २ जून २०२५ पासून सुरुवात. कामाचे दिवस सोमवार ते शुक्रवार.

पट्टी वाचायला घेण्याआधी वरची तारखांची रांग वाचा. ‘२/६, ९/६, १६/६’ असं लिहिलं असेल तर पहिला अंक दिवस की महिना हा संशय तिथेच मिटतो, कारण सोळावा महिना नसतो. शिवाय अंक सातासातानं वाढतायत, म्हणजे प्रत्येक उभी रेघ आठवड्याची आहे. मग फोटो कॉम्प्युटरवर कुठल्याही चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. कर्सर रेघेवर नेला की ती डावीकडून किती पिक्सेलवर आहे ते बहुतेक प्रोग्रॅम दाखवतात. माझ्या फोटोत २ जूनची रेघ १२१० वर होती, ९ जूनची १४२० वर, १६ ची १६२२, २३ ची १८१६, ३० जूनची २००३, ७ जुलैची २१८३ आणि १४ जुलैची २३५७ वर.

हे अंतर बघा. पहिला आठवडा २१० पिक्सेलचा आणि शेवटचा १७४ चा. कागदावर दोन्ही सारखेच छापलेले असणार, पण फोटो काढणारा डाव्या टोकाशी उभा होता म्हणून उजवीकडचा भाग आखडला. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक पहिला आठवडा मोजतात, २१० भागिले ७ म्हणजे दिवसाला ३० पिक्सेल धरतात आणि तेच माप शेवटपर्यंत चालवतात. नव्या फरशीची पट्टी २००३ वर सुरू होते. या मापानं ती २ जूननंतर साधारण साडेसव्वीस दिवसांनी येते, म्हणजे २८ जूनला. २८ जून शनिवार आहे! सुट्टीच्या दिवशी काम सुरू होतंय म्हटल्यावर चूक लगेच लक्षात येते. पण त्याच फोटोत रंगकामाची पट्टी २०८० वर सुरू होते. तेच चुकीचं माप लावलं तर उत्तर येतं १ जुलै, मंगळवार. हे कुणालाच खटकणार नाही, आणि खरी तारीख आहे ३ जुलै.

म्हणून नियम असा ठेवा की प्रत्येक पट्टीचं टोक त्याच्या लगतच्या दोन रेघांमध्येच मोजायचं. २०८० हा अंक २००३ आणि २१८३ यांच्या मध्ये येतो. तो आठवडा १८० पिक्सेलचा, दिवसाला पावणेसव्वीसच्या आसपास. ७७ पिक्सेल पुढे म्हणजे तीन दिवस पुढे, ३ जुलै. फोटो आधी सरळ करून घेणारे प्रोग्रॅम आहेत आणि ते जरूर वापरा, पण कागद भिंतीवर फुगलेला असेल तर त्यांनाही ते सरळ करता येत नाही. लगतच्या रेघांची पद्धत अशा फोटोतही चालते. तिरक्या फोटोत आडव्या ओळीही उतरत्या दिसतात. डावीकडचं नाव आणि उजवीकडची पट्टी एकाच ओळीतली आहेत ना, हे कडेला फूटपट्टी धरून तपासा. नाहीतर प्लंबिंगच्या तारखा वायरिंगला चिकटतील.

आता दिवस. वायरिंगची पट्टी ९ जूनच्या सकाळी सुरू होते आणि १८ जूनच्या संध्याकाळी संपते. कॅलेंडरवर मोजले तर दहा दिवस, कामाचे मात्र आठ, कारण मध्ये एक शनिवार-रविवार आहे. यादीत आठ लिहायचे. तसंच जुनी फरशी शुक्रवारी ६ जूनला निघते आणि वायरिंग सोमवारी ९ ला सुरू होतं, तेव्हा मधल्या दोन दिवसांना कुणी ‘दोन दिवस थांबा’ असं लिहू नये. ती सुट्टी आहे, थांबणं नव्हे.

पण एक पट्टी वेगळी आहे. ‘कोबा सुकणे’ ही पट्टी बुधवारी २५ जूनला सुरू होते आणि रविवारी २९ ला संपते. बाकी एकही पट्टी रविवारी संपत नाही. जिथे पट्टीचं टोक सुट्टीच्या दिवसात जाऊन थांबतं, तिथे दोनच शक्यता असतात. एकतर तुमचं मोजमाप चुकलंय, नाहीतर ते काम माणसं करत नाहीत, ते आपोआप होतंय. कोबा रविवारीही सुकतो. म्हणून त्याचे दिवस पाच, सलग. ‘कामाचे तीन दिवस’ लिहिलं तरी आज तारखा तंतोतंत जुळतात, आणि खरा धोका तोच आहे. समजा वायरिंग चार दिवस लांबलं. मग कोबा सोमवारी ३० जूनला संपेल. तीन दिवस लिहिलेल्या यादीत फरशी शुक्रवारी ४ जुलैलाच सुरू होईल, तीनच दिवस सुकलेल्या कोब्यावर. पाच सलग दिवस लिहिले असतील तर ती बरोबर सोमवारी ७ जुलैला येईल.

आता सगळ्यात नाजूक भाग, बाण. पट्टीच्या शेवटातून निघून पुढच्या पट्टीच्या सुरुवातीला टेकणारा बाण म्हणजे ‘हे संपल्यावर ते’. नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला FS म्हणतात आणि बहुतेक बाण तसेच असतात. पण फरशीपासून रंगकामाकडे जाणारा बाण फरशीच्या डाव्या टोकातून निघतो. त्याचा अर्थ फरशी सुरू झाल्यावर काही दिवसांनी रंग सुरू, त्याला SS म्हणतात. फरशी ३० जूनला, रंग ३ जुलैला, मध्ये कामाचे तीन दिवस, म्हणून SS+3. नुसत्या तारखांवरून कुणी म्हणेल, ‘फरशी ४ जुलैला संपते, रंग त्याआधी दोन दिवस, म्हणजे FS-2.’ दोन्हीतून आज ३ जुलैच येते. पण फरशीला पाचाऐवजी आठ दिवस लागले तर ती ९ जुलैला संपेल आणि FS-2 वाली यादी रंगाऱ्याला ८ जुलैला बोलावेल. चार्ट बनवणाऱ्याच्या मनात होतं की तीन दिवसांत निम्म्याहून जास्त जागा मोकळी होते, तिथे रंग सुरू करा. हे तारखा सांगत नाहीत. बाण कुठल्या टोकातून निघतो तेवढंच सांगतं. म्हणून फोटो तिथे मोठा करून बघा, घाई करू नका.

मी यादी अशी लिहिली. शेवटच्या रकान्यात आधीच्या कामाचा क्रमांक आहे:

```
1  जुनी फरशी काढणे  02-06  5      -
2  वायरिंग          09-06  8      1
3  प्लंबिंग          09-06  5      1
4  कोबा             19-06  4      2, ?
5  कोबा सुकणे       25-06  5 सलग  4
6  फरशी बसवणे      30-06  5      5
7  रंगकाम           03-07  4      6SS+3
8  ताबा             08-07  0      6, 7
```

आठव्या ओळीत चार्टवर पट्टी नाही, चौकट आहे, हिऱ्यासारखी. तिला दिवस नसतात, म्हणून शून्य. वर एक जाड काळी कंसासारखी पट्टीही होती. ती सगळ्या कामांची मिळून असते. तिला काम समजून यादीत घेतलं तर अख्खा प्रकल्प दोनदा मोजला जातो.

फोटोतून वाचलेल्या सुरुवातीच्या तारखा मी वेगळ्या रकान्यात ठेवतो, सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या रकान्यात घालत नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तिथे तारीख टाइप केली की त्या कामावर ‘याआधी सुरू करू नये’ असं बंधन बसतं. मग आधीचं काम लवकर आटोपलं तरी हे काम अलीकडे येत नाही. यादीला फक्त पहिली तारीख, दिवस आणि बाण द्या आणि बाकीच्या तारखा तिलाच काढू द्या. एक्सेलमध्ये समजा पहिली ओळ मथळ्यांची, सुरुवात B मध्ये, दिवसांचा नुसता अंक C मध्ये आणि शेवट D मध्ये आहे, तर कामाचा शेवट, नंतरच्या कामाची सुरुवात आणि तीन दिवसांनंतरची सुरुवात अशी निघते:

```
=WORKDAY(B2-1,C2)
=WORKDAY(D2,1)
=WORKDAY(B7,3)
```

सलग दिवसांच्या कामाला मात्र पहिलं सूत्र चालत नाही. तिथे शेवट म्हणजे सरळ `=B6+C6-1`.

मग निघालेल्या तारखा फोटोतल्या तारखांशी ताडून बघा. एखादी ओळ चुकली आणि तिच्यानंतरच्या सगळ्या तेवढ्याच दिवसांनी सरकल्या, तर दोष त्या पहिल्या ओळीत आहे. तिचे दिवस किंवा तिचा बाण. एकच ओळ एकटी चुकत असेल तर बहुधा चार्ट बनवणाऱ्यानं तिथे हातानं तारीख घातलेली असते, साहित्य त्याच दिवशी येणार वगैरे. ते कारण शोधून यादीत शेरा म्हणून लिहा.

आता चौथ्या ओळीतलं ते प्रश्नचिन्ह. वायरिंगच्या शेवटातून एक रेघ खाली येते आणि कोब्याला टेकते. प्लंबिंगची पट्टी नेमकी तिच्या वाटेत, खालच्याच ओळीत आहे. प्लंबिंगमधूनही एक रेघ निघून त्याच उभ्या रेघेला मिळते की काय, ते ठरवता येईना, कारण तिथेच दिव्याची चमक होती. आणि तारखांची कसोटी इथे काहीच सांगत नाही. प्लंबिंग १३ जूनला संपतं, कोबा १९ ला सुरू होतो. मधले तीन कामाचे दिवस मोकळे आहेत. बाण असो वा नसो, सगळ्या तारखा तशाच निघतात. ज्या बाणाला सवड असते तो गळाला तर ताळा बरोबर येतो आणि यादी चुकीची राहते. प्लंबिंगला तीनपेक्षा जास्त दिवस उशीर होईल तेव्हाच ते उघडं पडेल.

अशा वेळी अंदाज बांधू नका, साइटवरच्या माणसाला विचारा. तेही नीट विचारा. ‘कोबा प्लंबिंगवर अवलंबून आहे का?’ असं विचारलं तर समोरचा गोंधळतो. मी मेस्त्रींना फोन करून विचारलं, ‘वायरिंग झालंय, प्लंबिंग अजून बाकी आहे, तर कोबा घालाल का?’

ते म्हणाले, ‘नाही हो साहेब, पाइपला पाण्याचा दाब देऊन गळती बघितल्याशिवाय वरून कोबा कसा घालणार?’

मी प्लंबिंगच्या खाली एक नवी ओळ घातली, दाब चाचणी, एक दिवस, आणि प्रश्नचिन्ह खोडून तिथे त्या ओळीचा क्रमांक लिहिला. ती चार्टवर कुठेच नव्हती.