कोड राहू द्या, आधी कॉलर दाखवा

मंडळी, मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "बॅच कोड साइटवर टाकला, तारीख आली, म्हणजे परफ्यूम खरा ना?" नाही! कोड म्हणजे कारखान्याने एका घाण्याला दिलेला क्रमांक. साइट त्यावरून फक्त तारीख काढते, तुमची बाटली ती पाहत नाही. नकली माल करणारा एका खऱ्या बाटलीवरचा कोड उचलतो आणि सगळ्या मालावर तोच उठवतो. तारीख येणारच.

परवा एका ताईंनी 'ब्लू द शनेल'चे फोटो पाठवले. शनेलचा कोड चार आकडी असतो. इथेही चारच आकडे, खोक्यावर आणि बाटलीवर तेच. सेलोफेनही शाबूत. ताई पैसे भरायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, टोपण काढून मानेचा फोटो मागवा. मोबाइल बाटलीच्या उंचीवर हवा, दोन हात लांब ठेवून झूम केलेला. जवळून काढला की कडा वाकड्याच दिसतात.

फोटो आला. स्प्रेचा पंप काचेच्या मानेवर धातूच्या कड्याने बसवतात आणि कड्याची खालची कडा यंत्राने मानेच्या ओठाखाली दाबतात. त्यावर शोभेची कॉलर येते. नीट दाबलेलं कडं सगळीकडे सारख्या उंचीवर असतं. इथे कॉलर डावीकडे काचेला टेकलेली आणि उजवीकडे फट, फटीतून कड्याची चुरगळलेली कडा दिसत होती. कोड कुणीही उतरवून घेईल, पण अशी दाबणी जमायला चांगलं यंत्र आणि अचूक मापाची मान लागते. म्हणून माझा भर कॉलरवर. ताईंनी व्यवहार सोडला.

वेळ संपत आली, अशी चिठ्ठी आली आहे, तेव्हा काच आणि सेलोफेन भराभर सांगतो.

काचेचा तळ बघा. बाटली उजेडासमोर धरून समोरून फोटो घ्यायला सांगा. आतला तळ एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, किंवा काचेत बुडबुडे दिसले तर थांबा. गडद काचेत मात्र हे नीट दिसत नाही. कोरलेल्या कोडाच्या रेषा बारीक आणि सरळ हव्यात. पण शाईने छापलेला कोड म्हणजे नकली असं नाही, काही कंपन्या छापतातच.

सेलोफेनला सगळ्यांत कमी गुण. कारखान्यातलं आवरण दोन्ही टोकांना पाकिटासारखं दुमडून तापवून चिकटवलेलं, ताणलेलं असतं. सैल घड्या, गोंदाचे डाग दिसले तर संशय घ्या. पण घट्ट आवरण दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण खोका पुन्हा गुंडाळता येतो. शिवाय भारतात रीतसर आयात झालेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव आणि रुपयांतली किंमत छापलेली पट्टी लागते. परदेशातून कुणी स्वतःसाठी आणलेल्या बाटलीवर ती नसेल, तेव्हा विकणाऱ्याला बाटली कुठून आली ते विचारा आणि बिलाचा फोटो मागा.