फेजच्या दोन चुका आणि जनुकांचा नकाशा

नमस्कार श्रोतेहो. बॅक्टेरियांना लागण करणारे जे व्हायरस असतात, ज्यांना आपण फेज म्हणतो, ते कधीकधी एका बॅक्टेरियाची जनुकं उचलून दुसऱ्यात नेऊन टाकतात. याला ट्रान्सडक्शन म्हणतात. झिंडर आणि लेडरबर्ग यांनी 1952 साली साल्मोनेलामध्ये हे पहिल्यांदा दाखवलं. पुस्तकात याचे दोन प्रकार दिलेले असतात, जनरलाइज्ड आणि स्पेशलाइज्ड, आणि मुलं ते पाठ करतात, पण फेज नेमका कुठल्या टप्प्यावर चुकतो हे एकदा कळलं ना, की पाठ करायला काही उरतच नाही.

आधी लायटिक सायकल बघू. फेजचा डीएनए पेशीत शिरतो, त्याच्या भरपूर कॉपीज बनतात, त्या नव्या फेजच्या डोक्यांमध्ये भरल्या जातात आणि शेवटी पेशी फुटते. ई. कोलायचा पी1 नावाचा फेज घ्या. त्याचं डोकं भरायची पद्धत अशी की डीएनए आत ओढत राहायचा आणि डोकं भरलं की कापायचा. आता भरणारं एन्झाइम कधीतरी फेजच्या डीएनएऐवजी बॅक्टेरियाच्याच क्रोमोसोमचा तुकडा पकडतं, हजारात दोन-तीन कणांच्या बाबतीत असं होतं, आणि त्या कणात मग फेजचं स्वतःचं काहीच नसतं. तुकडा क्रोमोसोमवरून कुठूनही आलेला असू शकतो, म्हणून हे जनरलाइज्ड.

लॅम्डा फेजचं वेगळं आहे. तो लायटिक मार्गाने जाऊ शकतो, पण लायसोजेनिक मार्गही घेतो, म्हणजे ई. कोलायच्या क्रोमोसोमवर गॅल आणि बायो या जनुकांच्या मधे एका ठरलेल्या जागी जाऊन बसतो, आणि पेशी वाढते तसा तोही पिढ्यानपिढ्या कॉपी होत राहतो. यूव्ही लाइट दिला की तो तिथून सुटतो. बहुतेक वेळा नीट सुटतो, पण लाखो पेशींत एखाद्या वेळी काप सरकतो, शेजारचं गॅल सोबत येतं आणि फेजचा दुसऱ्या टोकाचा काही भाग मागे राहतो. डोक्यात मावेल एवढाच डीएनए घ्यायचा असल्यामुळे दूरचं जनुक येणं शक्यच नाही, गॅल किंवा बायो, एवढंच. हे स्पेशलाइज्ड.

आता नकाशा काढायचा तर पी1 कामाचा, कारण त्याच्या डोक्यात क्रोमोसोमचा साधारण पन्नासावा भाग मावतो, ई. कोलायच्या नकाशावरची अंतरं मिनिटांत मोजतात आणि पूर्ण क्रोमोसोम 100 मिनिटांचा धरतात, म्हणजे त्यातली 2 मिनिटं. दोन जनुकं एकाच तुकड्यातून किती वेळा सोबत येतात यावरून ती किती जवळ आहेत ते कळतं. पी1 वापरून केलेला एक गाजलेला प्रयोग सांगतो. डोनर, म्हणजे जनुकं देणारा बॅक्टेरिया, स्वतः ल्युसिन आणि थ्रिओनिन ही अमिनो आम्लं बनवतो आणि सोडियम अझाइड हे विष सहन करतो, जनुकं घेणाऱ्या रेसिपिअंटला यातलं काहीच जमत नाही. डोनरवर वाढवलेला फेज रेसिपिअंटला द्यायचा, ल्युसिन नसलेल्या पण थ्रिओनिन असलेल्या प्लेटवर पसरायचं, आणि ज्या कॉलनी वाढतील त्या एकेक उचलून बाकीच्या दोन गुणांसाठी तपासायच्या. ल्युसिनसाठी निवडलेल्यांत जवळपास 50 टक्के अझाइड सहन करणाऱ्या निघाल्या आणि फक्त 2 टक्के थ्रिओनिन बनवणाऱ्या. म्हणजे ल्युसिनला अझाइड अगदी जवळ आणि थ्रिओनिन लांब. पण अझाइड नक्की कुठल्या बाजूला? मग उलट निवड केली, थ्रिओनिनसाठी, तर 3 टक्के ल्युसिन आलं आणि अझाइड एकातही नाही. थ्रिओनिन आणि ल्युसिन दोन्ही मिळालेल्या कॉलनी निवडल्या, त्यांच्यातही अझाइड शून्य. अझाइड मधे असतं तर दोन्ही टोकं मिळालेल्यांपैकी बहुतेकांत ते यायलाच हवं होतं, नाही का? ते येत नाही, म्हणजे ते पलीकडे आहे, आणि थ्रिओनिन ते ल्युसिन एवढं अंतर घेतल्यावर डोक्यात पुढची जागाच उरत नाही. क्रम निघाला थ्रिओनिन, ल्युसिन, अझाइड. मला हा प्रयोग फार आवडतो, तीन प्लेट्स आणि मोजणी, बाकी सगळं डोक्यानं.

करताना मात्र जपावं लागतं. पी1ला चिकटायला कॅल्शियम लागतं, म्हणून आधी ते घालायचं आणि नंतर सायट्रेट घालून बांधून टाकायचं, नाहीतर मिश्रणातला चांगला फेज तुमचे नवे ट्रान्सडक्टंट, म्हणजे डोनरचं जनुक मिळालेल्या पेशी, फोडून टाकतो. फेजचं प्रमाणही याचसाठी पेशींपेक्षा कमी ठेवतात. सोबत दोन कंट्रोल प्लेट्स हव्यातच, एक नुसत्या फेजची, एक नुसत्या पेशींची. फेजवालीवर कॉलनी दिसल्या तर लायसेटमध्ये, म्हणजे डोनरच्या पेशी फुटून मिळालेल्या फेजच्या द्रावणात, डोनर जिवंत राहिलाय, परत क्लोरोफॉर्म द्या. पेशींवालीवर दिसल्या तर रेसिपिअंट आपोआप म्यूटेट होऊन परत पहिल्यासारखा होतोय, आणि मग तुमच्या टक्केवारीत त्याही कॉलनी मिसळलेल्या आहेत.